नाशिकच्या उन्हाळ्यात कार्यक्रमाला बर्फ किती सांगायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नसराई आणि मुंजींचे मुहूर्त नेमके एप्रिल-मेमध्ये येतात. मग लॉन्स ठरतं, आचारी ठरतो, पत्रिका वाटून होतात आणि आदल्या दिवशी संध्याकाळी कुणालातरी आठवतं की बर्फ सांगायचा राहिलाय. "शंभर किलो सांगून टाक" असं म्हटलं जातं. मग तो एक तर दुपारी बाराला संपतो, नाहीतर संध्याकाळी अर्धा नाल्यात ओतावा लागतो. हे हिशेबाने कसं टाळता येतं ते इथे एकाच उदाहरणावरून सांगितलं आहे: मे महिना, गंगापूर रोडच्या बाजूचं एखादं लॉन्स, सकाळी नऊ ते दुपारी दोनपर्यंतची मुंज आणि दीडशे पाहुणे. तुमचे आकडे वेगळे असले तरी रीत हीच.

माणशी अर्धा किलो बर्फ धरतात, ते बरोबर आहे का?

काही वेळा जुळतं, म्हणून तो आकडा टिकून राहिला आहे. पण त्यात दोन वेगळे खर्च एकत्र मिसळलेले आहेत आणि गडबड तिथेच होते.

पहिला खर्च म्हणजे गरम बाटली गार करणं. तो प्रत्येक बाटलीमागे एकदाच होतो आणि किती लिटर पेय आहे त्यावर ठरतो. दुसरा खर्च म्हणजे गार झालेलं गार ठेवणं. टबाच्या चारी बाजूंनी मेमधली हवा आत उष्णता ढकलत असते आणि बर्फ तिच्याशी झुंजत वितळत राहतो. या खर्चाचा पाहुण्यांच्या संख्येशी संबंध नाही. टब किती, ते किती तास उघड्यावर आहेत आणि सावलीत आहेत की उन्हात, यावर तो ठरतो. पन्नास पाहुणे असले तरी टब सहा तास बाहेर ठेवला की तेवढा बर्फ जाणारच.

म्हणून डोकी मोजून बर्फ सांगू नका. लिटर मोजा आणि टबांचे तास मोजा.

एक लिटर पाणी गार करायला किती बर्फ लागतो?

एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढी काढून घेतली तर एक लिटर पाणी ८० अंशांनी गार होतं. तेच ८० लिटर पाणी असेल तर एका अंशाने. या एका गोष्टीवर सगळा हिशेब उभा आहे: लिटर गुणिले जितके अंश खाली आणायचेत, भागिले ८०.

मेमध्ये दुकानातून किंवा गोदामातून आलेलं बाटल्यांचं खोकं साधारण ३४ अंशांवर असतं. प्यायला छान गार वाटणारं पाणी १० अंशांच्या आसपासचं. म्हणजे २४ अंश खाली आणायचे. २४ भागिले ८०, म्हणजे लिटरमागे ३०० ग्रॅम. बर्फ वितळून झालेलं पाणीही थोडं गारवा देतं, पण तो फायदा हाताशी राखीव म्हणून सोडून द्या.

काचेच्या बाटल्यांतलं कोल्ड्रिंक असेल तर काचही गार करावी लागते, पण त्याने आकडा फार हलत नाही. लिटरमागे ३५० ग्रॅम धरा.

एकूण पेय किती लिटर लागेल, हे कसं काढायचं?

सगळे पाहुणे पूर्ण वेळ थांबत नाहीत, हे आधी लक्षात घ्या. मुंजीला घरचे आणि जवळचे लोक सकाळपासून असतात. बाकीचे मुहूर्ताच्या सुमारास येतात, अक्षता टाकतात, जेवतात आणि निघतात.

आपल्या उदाहरणात ४० माणसं घरची, ती पाचही तास आहेत: ४० गुणिले ५, म्हणजे २००. उरलेली ११० माणसं सरासरी अडीच तास थांबतात: २७५. दोन्ही मिळून ४७५. मेमधल्या दुपारी मांडवात बसलेला माणूस तासाला साधारण ३०० मिली गार पेय घेतो, त्यात पाणी, पन्हं, मठ्ठा सगळं आलं. हा आमचा अंदाज आहे. आजी-आजोबा कमी पितात, मांडवभर धावणारी पोरं भरपूर पितात आणि सरासरी तिथे येऊन थांबते. ४७५ गुणिले ३०० मिली म्हणजे जवळजवळ १४२ लिटर.

त्याची वाटणी अशी होते: आल्या आल्या पन्हं, ते २० लिटर. जेवणात मठ्ठा, तो २२ लिटर, म्हणजे माणशी एक छोटा ग्लास. उरलेलं १०० लिटर पाणी, म्हणजे २०० मिलीच्या ५०० बाटल्या.

संध्याकाळचा कार्यक्रम असेल तर ३०० मिलीऐवजी २०० मिली धरलं तरी चालतं.

आणि टबात किती बर्फ वितळून जातो?

लोक हा भाग विसरतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

साधारण १०० लिटरचा प्लास्टिकचा टब, मेमधली दुपार, सावली, वर काही झाकण नाही: तासाला सुमारे ४ किलो बर्फ नुसता हवेमुळे जातो. त्याच टबाला बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळलं आणि वरही गोणपाट टाकलं, तर हा खर्च २ किलोवर येतो. जाड थर्मोकोलचा झाकणाचा खोका असेल आणि झाकण कामापुरतंच उघडलं जात असेल, तर तासाला एक किलोच्या आतच. टब उन्हात असेल तर उघड्या टबाचा खर्च सहा-आठ किलोंवर जातो.

ओल्या गोणपाटाचा इतका उपयोग होण्याचं कारण नाशिकची कोरडी हवा. एप्रिल-मेमध्ये हवेत दमटपणा कमी असतो, त्यामुळे गोणपाटातलं पाणी भराभर उडतं आणि उडताना गोणपाट स्वतः गार होतं. टबाला मग ३७ अंशांची हवा लागत नाही, तिच्याहून बऱ्याच गार कापडाचा वेढा असतो. अट एवढीच की गोणपाट ओलं राहिलं पाहिजे. अर्ध्या-पाऊण तासाने त्यावर तांब्याभर पाणी शिंपडायचं काम एका मुलावर सोपवून ठेवा. वाळलेलं गोणपाट थोडी झळ अडवतं, पण गार करत नाही.

जागा निवडताना उन्हाची दिशा बघा. सकाळी नऊला मांडवाच्या ज्या कोपऱ्यात सावली असते, तिथे साडेबाराला ऊन येतं असं लॉन्सवर फार होतं. आदल्या दिवशी दुपारी साडेबाराला जाऊन सावली कुठे आहे ते बघून या आणि टब तिथेच मांडा. टब थेट फरशीवर किंवा तापलेल्या पत्र्यावर ठेवू नका, खाली लाकडी फळी किंवा दोन विटा द्या.

मग आपल्या मुंजीचा पूर्ण हिशेब किती झाला?

पाण्याच्या ५०० बाटल्या, म्हणजे १०० लिटर, ३४ वरून १० अंशांवर: ३० किलो.

पाण्याच्या बाटल्यांचे दोन टब, गोणपाट गुंडाळलेले, सकाळी आठ ते दुपारी दोन, म्हणजे सहा तास. दोन टब, सहा तास, तासाला २ किलो: २४ किलो.

पन्ह्यात घालायचा बर्फ ४ किलो. तो वेगळा, खाण्याचा. त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

पन्ह्याचं आणि नंतर मठ्ठ्याचं पातेलं ठेवायला तिसरा टब, चार तास: ८ किलो. मठ्ठा डेअरीतून गारच येतो, त्यामुळे त्याला गार करण्याचा खर्च नाही, फक्त तसा ठेवायचा.

बेरीज ६६ किलो. लादी आणताना, फोडताना आणि टब भरेपर्यंत वाट बघताना जे वितळतं त्यासाठी १५ टक्के, म्हणजे १० किलो. वर ८-१० किलो राखीव, कारण मुहूर्त लांबतो आणि पंगतीही लांबतात. म्हणजे ८५ किलो. यातला ८० किलो लादीचा बर्फ आणि ५ किलो खाण्याचा, पाकीटबंद.

दीडशे माणसांना ८५ किलो म्हणजे माणशी साडेपाचशे ग्रॅमच्या वर. म्हणजे अर्धा किलोचा अंदाज इथे बऱ्यापैकी जुळला. पण हाच हिशेब मेमधल्या संध्याकाळच्या साखरपुड्याला लावा: १०० पाहुणे, सात ते दहा, ऊन नाही, एकच टब. पेय सुमारे ५० लिटर, त्याला १५ किलो. टबाला चार तासांचे ८ किलो. नुकसान आणि राखीव धरून २८-३० किलोंत काम होतं, म्हणजे माणशी ३०० ग्रॅम. शंभर माणसं म्हणून ५० किलो आणले असते तर वीस किलो वाया गेले असते.

कार्यक्रम दोनऐवजी पाचपर्यंत चालला तर?

बाहेरचे पाहुणे गेलेले असतील. घरची ४० माणसं तीन तास जास्त, म्हणजे ३६ लिटर पेय आणि त्याचा ११ किलो बर्फ. दोन टब तीन तास, म्हणजे १२ किलो. एकूण २३. पण चारच्या सुमाराला एक टब रिकामा करून सगळं दुसऱ्यात घातलं तर त्यातले एक-दोन किलो वाचतात आणि उरलेला बर्फही एकत्र राहून जास्त टिकतो.

बर्फ कमी लागावा म्हणून आधी काही करता येतं का?

हो, आणि यातली सर्वांत स्वस्त गोष्ट नाशिककरांच्या अंगणातच आहे. मेमध्ये दिवसा कितीही तापलं तरी इथली रात्र उतरते. पहाटे पारा बहुतेक वेळा २२ ते २५ अंशांदरम्यान असतो. बाटल्यांची खोकी बंद खोलीत रचून ठेवली तर ती सकाळीही तिशीच्या वर राहतात, कारण खोली रात्रभर उष्णता सोडत असते. त्याच बाटल्या खोक्यातून काढून गच्चीवर किंवा वाऱ्याच्या गॅलरीत सुट्ट्या मांडल्या तर पहाटेपर्यंत २५ अंशांच्या आसपास येतात. सूर्य वर यायच्या आत उचलून आत घ्यायच्या.

हिशेब करा: ३४ ऐवजी २५ वरून १० ला आणायचं. १०० लिटर गुणिले १५ भागिले ८०, म्हणजे १९ किलो. ३० चे १९ झाले, ११ किलो बर्फ वाचला. वर बाटल्या लवकर गार होतात तो फायदा वेगळाच.

टबांऐवजी थर्मोकोलचे खोके मिळाले तर आणखी १२ किलो वाचतात. दोन्ही केलं तर ८५ चे साठ-बासष्ट किलो होतात.

आणखी एक पर्याय म्हणजे थंड पाण्याचे २० लिटरचे जार. पाचच जारांत १०० लिटर पाणी होतं, ते गार होऊनच येतं आणि बर्फाचा मोठा खर्च उरतच नाही. बाटल्या हातात द्यायला सोयीच्या आहेत हे खरं, पण निम्मं पाणी जारमधून दिलं तरी बर्फ बराच कमी होतो, आणि प्लास्टिकचा ढीगही.

टब भरायचा कसा? नुसता बर्फ की पाणीही?

पाणी हवंच. नुसत्या बर्फाच्या तुकड्यांमध्ये हवा असते आणि बाटलीला बर्फ जिथे टेकतो तेवढीच जागा गार होते. पाणी घातलं की बाटली चहूबाजूंनी गारव्यात बुडते. बर्फाच्या पाण्यात २०० मिलीची बाटली अर्ध्या तासात पिण्याजोगी गार होते. कोरड्या बर्फात तासभर गेला तरी एक बाजू कोमट राहते.

बाटल्या खाली, त्यावर मुठीएवढे बर्फाचे तुकडे, मग बाटल्यांच्या खांद्यापर्यंत पाणी. गार झालेलं पाणी जड होऊन खाली उतरतं, म्हणून बर्फ वरच असावा. दर दहा मिनिटांनी वगराळं किंवा काठी फिरवून एकदा ढवळा. घातलेलं पाणीही गार करावं लागतं, त्यामुळे नळाचं तापलेलं पाणी भरू नका. दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी चाळिशीला टेकलेलं असतं. रात्री भरून ठेवलेलं पाणी वापरा आणि ते बेताचंच घाला. एका टबाला १५ लिटर पाणी पुरतं, पुढे बर्फ वितळून त्यात भर पडत जाते.

वितळलेलं पाणी ओतून देऊ नका. ते शून्याजवळचं आहे आणि बाटल्या गार करण्याचं काम तेच करतं. टब काठोकाठ भरला तरच थोडं काढा. तेही ओतण्याऐवजी गोणपाटावर शिंपडा.

सगळ्या बाटल्या एकदमच टबात घालायच्या का?

नाही. बर्फ अकरालाच संपला अशा बहुतेक तक्रारींमागे हेच कारण असतं. सकाळी आठला ५०० बाटल्या एकदम घातल्या की पहिल्या तासातच तीस किलो बर्फ जातो आणि पाहुणे मात्र अकराला यायचे असतात. मधल्या वेळात बर्फ फक्त हवेशी लढत बसतो.

दोन टब ठेवलेत त्याचा उपयोग आळीपाळीने करा. पहिल्या टबात १२० बाटल्या साडेआठला घाला, नऊपासून तोच चालू ठेवा. दुसऱ्यात तेवढ्याच बाटल्या साडेनऊला. पहिला अर्धा रिकामा झाला की वाढप्यांना दुसऱ्याकडे वळवा आणि पहिल्यात नव्या बाटल्या व बर्फ भरा. ज्या टबात नुकत्या गरम बाटल्या पडल्या आहेत, त्याला अर्धा तास कुणी हात लावायचा नाही. यासाठी एकच माणूस नेमा. चार जण आपापल्या परीने भरत राहिले की कोणती बाटली केव्हा घातली ते कुणालाच कळत नाही.

टब अजून गार आहे की नाही हे कसं ओळखायचं?

हात कोपरापर्यंत बुडवून ठेवा. मिनिटभरात हाडं दुखायला लागली आणि हात काढावासा वाटला तर पाणी पाच अंशांच्या आत आहे. मिनिटभर आरामात ठेवता आला तर पाणी बारा-पंधराच्या वर गेलं आहे आणि त्यातली बाटली कोमट लागणार. दूध तपासायचा थर्मामीटर घरात असेल तर उत्तमच.

वर तरंगणारा बर्फ टबाच्या निम्म्या तोंडापेक्षा कमी दिसू लागला की नवा घाला, पूर्ण संपायची वाट बघू नका. बर्फ संपल्यावरही पाणी लगेच तापत नाही. नुसत्या हवेने शंभर लिटरचा टब तासाला दोनेक अंशच चढतो. पण त्यात साठ गरम बाटल्या घातल्या की एकदम तीन-चार अंश वाढतात. म्हणून बर्फ संपलाच असेल तर नव्या बाटल्या घालू नका, आहेत त्या आधी वाटा.

लादी घ्यावी की फोडलेला बर्फ?

कार्यक्रम चार तासांपेक्षा जास्त असेल तर लादीच घ्या. अखंड लादीचा पृष्ठभाग कमी असतो, म्हणून ती हळू वितळते. फोडलेला बर्फ सकाळी घेतला तर दुपारपर्यंत त्यातला मोठा भाग पोत्यातच पाणी झालेला असतो. लादी गोणपाटात घट्ट गुंडाळून, वर ताडपत्री टाकून सावलीत फळीवर ठेवा. लागेल तेवढाच तुकडा टोच्याने काढा आणि उरलेली लगेच पुन्हा गुंडाळा. फोडताना बारीक चुरा करू नका. चुरा पाण्यात पडताच संपतो, मुठीएवढा तुकडा टिकतो.

सगळीकडच्या लाद्या एका मापाच्या नसतात. "दोन लाद्या द्या" म्हणण्यापेक्षा वजन सांगा आणि घेताना वजन करून घ्या.

आदल्या रात्री आणून ठेवला तर चालेल का?

लादी असेल आणि नीट गुंडाळली असेल तर रात्रभरात चौथा-पाचवा हिस्सा जातो. ८० किलोतले १६ ते २० किलो गेले, असं धरून तेवढा जास्त सांगावा लागतो. त्यापेक्षा सकाळी सातला टेम्पोने येऊ द्या, आणि सांगून मात्र दोन दिवस आधी ठेवा. मोठ्या मुहूर्ताच्या दिवशी ऐन वेळी गेलं तर मिळेल तेवढाच घेऊन परतावं लागतं.

हा बर्फ पन्ह्यात किंवा ग्लासात घातला तर?

नको. बाटल्या गार करायला येणारा लादीचा बर्फ खाण्यासाठी बनवलेला असेलच असं नाही. महाराष्ट्रात २०१८ पासून अखाद्य बर्फात निळसर रंग मिसळण्याचा नियम आहे, तो ओळखता यावा म्हणून. पण पांढरा दिसला म्हणून तो खाण्याचा ठरत नाही. लादी टेम्पोच्या फळीवरून, रस्त्यावरून, गोणपाटातून येते. पन्हं, सरबत, उसाचा रस यांत फक्त पाकीटबंद खाण्याचा बर्फ किंवा घरी उकळलेल्या पाण्याचा बर्फ घाला.

टबातलं पाणीही प्यायचं नाही. त्यात ग्लास बुडवू देऊ नका, आणि बाटली देताना तोंड आणि झाकण स्वच्छ फडक्याने पुसून द्या. कॅनमधलं पेय असेल तर हे अधिकच महत्त्वाचं, कारण तिथे ओठ थेट पत्र्याला लागतात.

बर्फ घातल्यावर पन्हं पाणचट होतं. त्याला काय करायचं?

बर्फ म्हणजे पाणीच, म्हणून पाणी घालताना तेवढी जागा सोडा. २० लिटर पन्हं हवं असेल तर कैरीचा गर, गूळ, वेलची, केशर, मीठ २० लिटरच्या हिशेबाने घ्या, पण पाणी घालून १६ लिटरच करा. ते रात्री खोलीतच ठेवलं तर सकाळी ३० अंशांच्या आसपास असेल. त्यात चार किलो खाण्याचा बर्फ वितळला की पन्हं ८ अंशांवर येतं आणि २० लिटर भरतं. चव जशी ठरवली होती तशीच लागते. बर्फ घालण्याआधी चाखलं तर ते गोडजर्द आणि दाट लागेल, तेव्हा घाबरून पाणी वाढवू नका.

त्यानंतर मात्र पातेल्यात बर्फ टाकत राहू नका. पातेलं तिसऱ्या टबात, बाहेरून बर्फाचं पाणी लागेल असं बसवा. मठ्ठ्याला तर आतून बर्फ अजिबात नको, तो फाटल्यासारखा दिसतो आणि आलं-मिरचीची चव उतरते.

मीठ टाकलं तर लवकर गार होतं ना?

होतं. मिठामुळे बर्फाचं पाणी शून्याच्या खाली जातं आणि बाटल्या झपाट्याने गार होतात. पण बर्फही तेवढ्याच वेगाने संपतो, त्यामुळे त्याने बर्फ वाचत नाही. पाहुणे दारात आले आणि बाटल्या कोमट आहेत, अशा वेळी एका टबापुरतं वापरा आणि वीस मिनिटांत बाटल्या काढा. २०० मिलीची बाटली त्यात विसरली तर आत बर्फ धरतो, आणि काचेची असेल तर तडकू शकते.

पावसाळ्यात हाच हिशेब चालतो का?

बाटल्या मुळात २७-२८ अंशांवर असतात, त्यामुळे गार करायला बर्फ कमी लागतो. पण दोन गोष्टी उलट्या जातात. हवा दमट असल्याने ओलं गोणपाट गार होत नाही, त्याचा उपयोग फक्त आडोशापुरता. आणि टबाच्या बाहेरून जे पाणी जमून ओघळतं, ते हवेतून येताना भरपूर उष्णता सोडतं. असं लिटरभर पाणी टबावर जमलं तर आतला सात किलोंच्या वर बर्फ वितळलेला असतो. म्हणून जुलै-ऑगस्टच्या कार्यक्रमाला टब न घेता झाकणाचे थर्मोकोलचे खोके घ्या.

डिसेंबरात?

निफाडकडे पहाटे पारा दहाच्याही खाली उतरतो, नाशिक शहरातही हवा गार असते. रात्री बाहेर ठेवलेलं पाणी सकाळी तसंच द्यायच्या लायकीचं असतं. कोल्ड्रिंकसाठी शंभर माणसांना दहा किलो घ्या आणि पाण्याच्या बाटल्या टबात घालूच नका. त्या दिवसांत बरेच जण साधं पाणी मागतात.

उरलेल्या बर्फाचं काय करायचं?

मीठ घातलेलं नसेल तर टबातलं पाणी आणि उरलेला बर्फ झाडांच्या आळ्यात ओता, फक्त थेट खोडाला लावू नका. मिठाचं असेल तर गटारातच. खाण्याच्या बर्फाचं न उघडलेलं पाकीट फ्रीजरमध्ये टाका, पूजेच्या दिवशी सरबताला उपयोगी पडतं. लादी अर्धी उरली असेल तर शेजारच्या मांडवात विचारून बघा, लग्नसराईत कुणाला ना कुणाला ती हवीच असते.